केळ्याचा ब्रेड मध्येच का बसतो?

केळ्याचा ब्रेड आता आपल्या बऱ्याच बचत गटांच्या पाटीवर दिसायला लागला आहे. केळी आपल्याकडे भरपूर, फणीतून सुटलेली आणि जास्त पिकलेली केळी स्वस्तात मिळतात, आणि ब्रेड डब्यात बसतो, प्रवासात टिकतो. पण गटांच्या बैठकीत गेलं की एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. वरून ब्रेड छान तपकिरी होतो, काठ भाजलेले असतात, आणि सुरी घातली की मधला भाग चिकट, ओला. थंड झाल्यावर तर मध्ये खड्डाच पडतो. आज फक्त एवढ्याच एका दोषाबद्दल बोलूया. तो कुठून येतो, केळं हातात घेतल्यावर तो आधीच कसा ओळखायचा, आणि भट्टीत गेल्यावर कसा टाळायचा. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा, मधे थोडी मापं सांगणार आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नाव ब्रेड असलं तरी हा पावासारखा पदार्थ नाही. पावात यीस्ट असतं, कणीक मळून फुगवलेली असते, आणि त्या मळण्यातून तयार झालेली जाळी पावाला उभं धरते. केळ्याच्या ब्रेडमध्ये असं काही नसतं. तो केकचाच भाऊ. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर यांच्यापासून वायू तयार होतो, त्या वायूचे बुडबुडे ओल्या मिश्रणाला वर उचलतात, आणि उष्णतेने मैद्यातलं पिष्ठ फुगून घट्ट झालं की ते बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणजे दोन कामं एकाच वेळी चालू असतात. एक फुगण्याचं, दुसरं घट्ट होण्याचं. फुगणं आधी संपलं आणि घट्ट होणं मागे राहिलं, की वर आलेलं मिश्रण खाली बसतं.

आता हे मध्येच का होतं? कारण उष्णता साच्याच्या कडेकडून आत जाते. कडा आधी भाजतात, मग तळ, मग वरची साल, आणि सगळ्यात शेवटी मधला गाभा. आपण ब्रेड बाहेर काढतो तेव्हा कडा घट्ट झालेल्या असतात, त्या हलत नाहीत. मधला भाग अजून खिरीसारखा असेल, तर भट्टीतून बाहेर येताच आतली वाफ आणि वायू आकसतो, आणि त्याला धरून ठेवायला काही नसल्यामुळे वरची साल आत खचते. म्हणून खड्डा दिसला की समजायचं, गाभा घट्ट व्हायला जेवढा वेळ हवा होता तेवढा मिळाला नाही. कधी वेळच कमी दिलेला असतो, पण बहुतेक वेळा गाभ्यात पाणी आणि साखर इतकी जास्त असते की नेहमीचा वेळ त्याला पुरत नाही. ते जास्तीचं पाणी आणि ती जास्तीची साखर येते केळ्यातून.

केळं पिकतं म्हणजे काय होतं, ते थोडक्यात पाहू. कच्च्या केळ्यात पिष्ठ भरपूर असतं, म्हणून तर त्याचे वेफर्स होतात. पिकताना हे पिष्ठ साखरेत बदलत जातं. पूर्ण पिकलेल्या केळ्यात पिष्ठ अगदी थोडं उरतं आणि गराच्या साधारण पाचवा हिस्सा साखर असते. त्याच वेळी गराला घट्ट धरून ठेवणारा भाग मऊ पडतो, आणि सालीतलं थोडं पाणी गरात उतरतं. म्हणून खूप पिकलेल्या केळ्याची साल पातळ होते आणि गर ओलसर. वजनाने पाहिलं तर गराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे. कच्चट केळ्यात हे पाणी गरातच धरलेलं असतं. जास्त पिकलेल्या केळ्यात ते मोकळं सुटतं, कुस्करलं की ताटलीत पाणी दिसतं.

साखरेचा गाभ्यावर होणारा परिणाम बऱ्याच जणींना माहीत नसतो. साखर पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे मैद्याच्या पिष्ठाला फुगायला पाणी उशिरा मिळतं, आणि ते घट्ट व्हायला जास्त तापमान लागतं. उलट साखरेमुळे वरची साल लवकर लाल होते. म्हणजे केळं जितकं जास्त पिकलेलं, तितका ब्रेड वरून लवकर झालेला दिसतो आणि आतून उशिरा होतो. रंग पाहून काढणारी बाई इथेच फसते.

मग केळं नेमकं किती पिकलेलं घ्यायचं? सगळीकडे एकच सांगतात, सालीवर तपकिरी ठिपके आलेलं घ्या. ते बरोबरच आहे, पण साल नेहमी खरं बोलत नाही. आपल्याकडे तर ती दोन बाजूंनी फसवते.

पहिली फसवणूक उन्हाळ्यातली. आपल्याकडे बाजारात येणारी लांब, मोठी केळी बहुतेक ग्रँड नैन जातीची असतात. या केळ्याची साल पिवळी व्हायला थोडी थंड हवा लागते. एप्रिल-मेमध्ये खानदेशात घराच्या आत सुद्धा पारा पस्तिशीच्या वर असतो. अशा उष्णतेत केळं आतून मऊ होत जातं, पण सालीचा हिरवेपणा नीट जात नाही. बाहेरून हिरवट-पिवळं दिसणारं केळं सोललं तर आत गर पूर्ण पिकलेला, कधी पाणी सुटलेला. साल पाहून आपण म्हणतो, अजून दोन दिवस ठेवू. त्या दोन दिवसांत ते ब्रेडच्या कामातून जातं.

दुसरी फसवणूक फ्रिजची. केळं थंडीला सोसत नाही. तेरा अंशांच्या खाली तापमान गेलं की सालीतल्या पेशी खराब होतात आणि साल काळी पडते. पण गर मात्र जसा होता तसाच राहतो, थंडीत पिकणं उलट मंदावतं. फ्रिजमधून काढलेलं काळं केळं पाहून आपल्याला वाटतं, हे ब्रेडसाठी अगदी तयार आहे. सोलून पाहिलं तर आत पांढरट, कडक, पिठूळ. असं केळं कुस्करलं की गुठळ्या राहतात, गोडी कमी, आणि ब्रेडमध्ये जागोजागी फिके, कडक तुकडे लागतात. घाईने पिकवलेल्या केळ्याचंही असंच होतं, साल सगळीकडून एकसारखी पिवळी आणि आतला गर बेचव. कार्बाईडने पिकवणं कायद्याने बंद आहे, तरी अशी केळी हातात आली तर वासावरून ओळखता येतात. पिकल्या केळ्याचा घमघमाट त्यांना नसतो.

म्हणून परीक्षा सालीची नको, गराची घ्या. ती सोपी आहे. प्रत्येक फणीतलं एक केळं सोला आणि चार गोष्टी पाहा. काट्याने दाबलं तर काटा सहज आत गेला पाहिजे, पण केळं स्वतःच्या वजनाने मोडून पडता कामा नये. गराचा रंग पांढरा नको, पिवळसर साईसारखा हवा. चव घेतली तर जीभ ओढली जाऊ नये. तुरटपणा लागला तर पिष्ठ अजून बाकी आहे. आणि वास गोड, केळ्याचाच असावा. ताडीसारखा किंवा दारूसारखा वास आला, गरावर बुरशी दिसली, किंवा काळ्या सालीतून आंबट पाणी गळत असेल, तर ते केळं ब्रेडला नको. भाजल्यावर वास निघून जाईल असं काही जणी म्हणतात, पण चव जात नाही.

सांगितल्याप्रमाणे गर मिळाला, तर ब्रेडचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम मोजण्याचं आहे. हे समजावण्यासाठी एका गटाची गोष्ट सांगते.

या गटाला एका दुकानातून १२ ब्रेडची ऑर्डर मिळाली होती, एका ब्रेडचे १५० रुपये. ब्रेड करणाऱ्या ताईंचा हात चांगला, घरी त्यांचा ब्रेड सगळ्यांना आवडायचा. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा निरोप आला की गिऱ्हाईक परत करतंय, मध्ये कच्चा आहे. बाराच्या बारा ब्रेड परत आले, म्हणजे १८०० रुपयांचा माल, वर केळी, मैदा, तेल आणि विजेचा खर्च गेला तो वेगळा. ताई म्हणाल्या, "अहो, घरी करते तसाच केला, तीच तीन केळी, तोच दीड कप मैदा." आणि ते खरंच होतं.

पण घरी त्या वापरायच्या ती वेलची केळी. ऑर्डरसाठी आणली ती घाऊक दरातली मोठी केळी. दोन्हीकडे मोजून तीनच. आम्ही तराजू काढला. तीन मोठ्या केळ्यांचा सोललेला गर भरला ३९० ग्रॅम. वेलची केळ्याचा गर एकाला पन्नास ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन केळ्यांचे दीडशे ग्रॅम. घरच्या मापात ताई थोडं दही-दूध वाढवून मिश्रण सैल करायच्या, म्हणून ते जमायचं. मोठ्या केळ्यांतही त्यांनी तेच दही-दूध घातलं.

आता हिशोब पाहा. दोनशे ग्रॅम मैद्याला साधारण २४० ग्रॅम गर पुरतो. इथे गेला ३९०, म्हणजे दीडशे ग्रॅम जास्त. त्यातलं तीन चतुर्थांश पाणी धरलं तर शंभर ग्रॅमच्या वर पाणी, अर्धा कपभर, कोणालाही न दिसता मिश्रणात शिरलं. शिवाय पंचवीस-तीस ग्रॅम साखर जास्तीची आली, ती केळ्याची स्वतःची. वाटीभर पाणी कोणी उघडपणे मिश्रणात ओतलं असतं तर आपण लगेच अडवलं असतं. केळ्याच्या रूपात आलं म्हणून कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच केळी, तोच ओटीजी, तेवढाच वेळ, फक्त गर २४० ग्रॅम तोलून घेतला आणि दूध काढून टाकलं. ब्रेड मध्ये फुगून राहिला, कापल्यावर ओला पट्टा नव्हता. म्हणून कृतीत केळ्यांची संख्या लिहिलेली असेल तर ती खोडा आणि गराचं वजन लिहा. सोलून, साल टाकून, मग वजन. तराजू नसेल तर कुस्करलेला गर मापाच्या कपाने मोजा, एक सपाट कप म्हणजे साधारण २२५ ते २४० ग्रॅम होतो.

आता ते माप लिहून घ्या. आठ इंच लांब, चार इंच रुंद अशा एका साच्याचं, अंड्याशिवायचं. मैदा २०० ग्रॅम, कुस्करलेला केळ्याचा गर २४० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, तेल ७० ग्रॅम, साधं घट्ट दही ६० ग्रॅम. बेकिंग पावडर एक सपाट छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा सपाट छोटा चमचा, चिमूटभर मीठ. अर्धा मैदा आणि अर्धी कणीक घ्यायची असेल तर कणीक पाणी जास्त पिते, म्हणून मिश्रण फारच घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे दूध घाला, त्याहून जास्त नाही. मिश्रण चमच्यातून पडताना जाड गोळ्यासारखं तुटून पडायला हवं. भज्यांच्या पिठासारखी धार लागली तर पाणी जास्त आहे, हे साच्यात घालायच्या आधीच कळतं.

हे माप ठिपकेवाल्या, नीट पिकलेल्या केळ्याचं आहे. केळी जास्त पिकली असतील, कुस्करल्यावर पाणी सुटत असेल पण वास चांगला असेल, तर ती टाकायची गरज नाही. त्याच गटात आम्ही अशीही केळी वापरून पाहिली. वजन २४० ग्रॅमच होतं, तरी पहिल्या ब्रेडच्या तळाशी बोटभर उंचीचा ओला, रबरासारखा थर राहिला. पुढच्या वेळी दही निम्मं, म्हणजे ३० ग्रॅम घेतलं, साखर वीस ग्रॅमने कमी केली, आणि भाजायला दहा मिनिटं जास्त दिली. तो थर गेला. पाणी फारच सुटलेलं असेल तर गर चाळणीत अर्धा तास ठेवा. खाली जमलेलं पाणी छोट्या पातेल्यात निम्मं होईपर्यंत आटवा, गार करा आणि पुन्हा गरात मिसळा. केळ्याची सगळी चव त्या पाण्यात असते, ते ओतून देऊ नका. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या केळ्याचंही हेच करायचं, कारण गोठल्यावर त्याच्या पेशी फुटतात आणि वितळताना पाणी बरंच सुटतं.

आणि केळी कमी पिकलेली असतील तर? ऑर्डर उद्याची आहे आणि केळी कडक आहेत, असं होतंच. काही जणी साल न काढता केळी ओटीजीमध्ये पंधरा-वीस मिनिटं भाजतात. साल काळी होते, गर मऊ होतो, कुस्करायला सोपा जातो. पण मऊ होणं आणि पिकणं वेगळं. पिष्ठाची साखर एवढ्या वेळात पुरेशी होत नाही, त्यामुळे गोडी आणि वास कमीच राहतो. घरी खायला चालेल, विकायला नको. त्यापेक्षा केळी कागदी पिशवीत एखाद्या पिकलेल्या केळ्याबरोबर किंवा सफरचंदाबरोबर बांधून ठेवा. पिकलेल्या फळातून निघणारा वायू बाकीच्यांना पिकवतो, आणि दीड-दोन दिवसांत फरक पडतो.

आता मिसळण्याबद्दल. केळी मिक्सरमध्ये फिरवू नका. मिक्सरमधून गर एकदम पातळ, गुळगुळीत होतो, आणि ब्रेडचं पोत शिऱ्यासारखं घट्ट, चिकट येतं. काट्याने किंवा पावभाजीच्या मॅशरने कुस्करा, वाटाण्याएवढ्या लहान गुठळ्या राहिल्या तरी चालतील. त्यापेक्षा मोठ्या नकोत, कारण मोठ्या तुकड्याभोवती ओला खड्डा तयार होतो.

कोरडं एका परातीत चाळून घ्या, ओलं दुसऱ्या भांड्यात एकत्र करा, आणि दोन्ही फक्त शेवटी मिसळा. मैदा दिसेनासा झाला की चमचा थांबवा. जास्त घोटलं की मैद्यात चिवटपणा येतो, आणि ब्रेड रबरासारखा होतो, आत उभे बोगदे पडतात. दुसरं कारण सोड्याचं. सोडा ओला झाला आणि त्याला केळं-दह्याचा आंबटपणा मिळाला की तो लगेच काम सुरू करतो. आपल्या गटात एकच ओटीजी आणि साचे चार, अशी स्थिती असते. चारही साच्यांचं मिश्रण एकदम करून दोन साचे तासभर बाहेर ठेवले, तर त्यांचा वायू भट्टीत जाण्याआधीच निघून गेलेला असतो. तो ब्रेड वर येतच नाही, आणि आत घट्ट, ओला राहतो. म्हणून दुसऱ्या खेपेचं कोरडं आणि ओलं वेगवेगळं झाकून ठेवा, पहिली खेप बाहेर काढायच्या पाच मिनिटं आधी मिसळा.

सोडा वाढवून ब्रेड जास्त फुगेल असं वाटतं, पण उलटं होतं. जास्त सोड्याने मिश्रण पहिल्या पंधरा मिनिटांत भराभर वर येतं, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. गाभा घट्ट व्हायच्या आधीच सगळा वायू गेलेला असतो. असा ब्रेड ओळखायचा तर रंग लालसर काळपट, चव साबणासारखी, आणि मध्ये रुंद, उथळ खड्डा.

साचा दोन तृतीयांशच भरा. वर भरला तर गाभा जाड होतो, आणि त्याला उष्णता पोचायला वेळ लागतो. ओटीजी १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवून घ्या, साचा मधल्या जाळीवर ठेवा. दोनशे अंशांवर भाजून वेळ वाचत नाही, साल करपते आणि आत पीठ राहतं. या मापाला पन्नास ते साठ मिनिटं लागतात. पस्तीस-चाळीस मिनिटांनी वरचा रंग गडद व्हायला लागला तर ब्रेड काढायचा नाही, वर अॅल्युमिनियमची फॉइल सैल ठेवायची. पहिली तीस-पस्तीस मिनिटं दार उघडू नका. मध्येच वीज गेली तर तेव्हाही दार बंदच ठेवा, आतली उष्णता बराच वेळ काम करते. वीज आल्यावर पाच-दहा मिनिटं जास्त द्या आणि खाली सांगते ती परीक्षा करा. पहिल्या वीस मिनिटांत वीज गेली आणि बराच वेळ आली नाही, तर तो ब्रेड विकायला न धरणंच बरं.

कुकरमध्ये करणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. कुकरची शिटी आणि रबराची रिंग काढूनच करायचं, पाणी घालायचं नाही. शिटी काढली तरी कुकरमध्ये वाफ ओटीजीपेक्षा जास्त कोंडते, म्हणून ब्रेडच्या उंच साच्याऐवजी पसरट गोल डबा घ्या आणि मिश्रण दोन बोटांच्या वर भरू नका. उंच ब्रेड कुकरमध्ये केला की गाभा ओला राहण्याची शक्यता फार.

झाला की नाही, हे कसं पाहायचं? आपण विणायची सुई किंवा सुरी घालतो. ती स्वच्छ आली की झाला, असं ठरलेलं आहे. पण केळ्याच्या ब्रेडमध्ये सुई एखाद्या केळ्याच्या गुठळीत गेली तर ती ओली येते, आणि झालेला ब्रेड आपण उगाच भाजत बसतो. उलट ती एखाद्या बोगद्यातून गेली तर स्वच्छ येते आणि कच्चा ब्रेड बाहेर निघतो. म्हणून मधल्या भागात दोन-तीन ठिकाणी घाला. चिकटलेले ओलसर कण चालतील, चकचकीत, सरबरीत पीठ चालणार नाही. मग मधोमध बोटाने हलकं दाबा. जागा परत वर यायला हवी. बोटाचा ठसा राहिला तर अजून दहा मिनिटं. आणि साच्याजवळ कान न्या. आतून बुडबुड्यांचा ओला आवाज येत असेल तर पाणी अजून उकळतंय. पूर्ण झालेला ब्रेड जवळजवळ शांत असतो.

ऑर्डरचं काम करणाऱ्या गटांनी अन्नात खुपसायचा थर्मामीटर एकदा घ्यावाच. त्याचं टोक गाभ्याच्या मधोमध गेलं पाहिजे. ९५ अंशांच्या आसपास पोचलं की गाभा घट्ट झालेला असतो. ८५ दाखवत असेल तर वरचा रंग कितीही छान असो, ब्रेड कच्चा आहे. थर्मामीटर नसेल तर तराजू कामाला येतो. साचा मिश्रणासकट भाजायच्या आधी तोला आणि भाजल्यावर तोला. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी उडालं. या मापात मिश्रण साडेसहाशे ग्रॅमच्या थोडं वर भरतं, आणि चांगल्या ब्रेडमध्ये साधारण दहावा हिस्सा घटतो. तुमच्या भट्टीत चांगला झालेला एक ब्रेड तोलून आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढचा ब्रेड त्याच्यापेक्षा तीस-चाळीस ग्रॅम जड निघाला, तर तो कापायच्या आधीच परत आत ठेवा.

बिघडलेला ब्रेडही काहीतरी सांगतो, तो फेकायच्या आधी मधून उभा कापून पाहा. मध्ये खोल खड्डा आणि त्याखाली सरबरीत पीठ असेल तर वेळ कमी पडला किंवा आच जास्त होती. खड्डा उथळ पण गाभा भाजलेला असेल तर सोडा जास्त. खड्डा नाही, पण तळाशी चिकट थर असेल तर गर किंवा दही जास्त, किंवा केळी पाणी सुटलेली. खड्डा नाही, बोगदे आहेत आणि चावायला चिवट आहे, तर घोटलं जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही.

शेवटचं काम निवण्याचं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं साच्यातच राहू द्या, मग जाळीवर काढा, म्हणजे तळाची वाफ निघून जाईल. साच्यातच तासभर ठेवला तर तीच वाफ पाणी होऊन तळाला चिकटते. गरम ब्रेड कापला तर नीट भाजलेलासुद्धा चिकट लागतो, कारण पिष्ठ निवतानाच पूर्ण घट्ट होतं. दोन तास तरी थांबा. प्लास्टिकमध्ये भरायचा तर हाताला अजिबात कोमट लागता कामा नये. पिशवीच्या आतून थेंब दिसले की समजा, घाई झाली, आणि त्या थेंबांवरच बुरशी येते. हा ब्रेड ओलसर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात बाहेर दोन दिवसांच्या वर ठेवू नका, आणि ऑर्डर देताना दुकानदारालाही तसं सांगा.

ज्या गटाची गोष्ट सांगितली, त्यांच्या स्वयंपाकघरात आता मैद्याच्या डब्याशेजारी तराजू असतो, आणि केळी आली की प्रत्येक फणीतलं एक सोलून पाहतात. तुमच्या गटात कोणती केळी वापरता आणि तुमच्या ब्रेडचं वजन किती घटतं, हे पुढच्या बैठकीला लिहून आणा, आपण एकमेकींचे आकडे लावून पाहू. आज इथेच थांबते. नमस्कार.